मेकॉलेचं ते कोट छापण्याआधी

अरे, कोट खरं वाटतंय का हे आधी बघूच नकोस, त्याच्याखालची तारीख आणि जागा बघ. ते मेकॉले या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या नावावर फिरणारं घे, भारतभर फिरलो पण एक भिकारी दिसला नाही वालं, खाली लिहिलेलं असतं 'ब्रिटिश पार्लमेंट, २ फेब्रुवारी १८३५'. आता मेकॉले १८३४ मध्येच भारतात आलेला, त्या दिवशी तो कलकत्त्यात होता आणि लंडनला जायला तेव्हा जहाजाने महिने लागायचे, मग भाषण करणार कसं?

पण इथेच थांबू नको हं. त्या तारखेचं खरं कागदपत्र आहे, त्याचं शिक्षणावरचं मिनिट म्हणजे सरकारी टिपण, ते पूर्ण वाच, मुंबईत फोर्टात एशियाटिक सोसायटीच्या लायब्ररीत विचार किंवा ऑनलाइन बघ. ते वाक्य त्यात कुठेच नाही. खरी तारीख उचलून खोट्या वाक्याला चिकटवलीय, म्हणूनच लोक फसतात.

नवीन पोरं दोन चुका हमखास करतात:
- दहा साइटवर सापडलं म्हणजे खरं धरतात, सगळे एकमेकांचंच उचलतात रे.
- मराठी भाषांतरच शोधत बसतात, मूळ इंग्रजीतले चार-पाच शब्द अवतरणचिन्हात टाकून शोध.

आणि बातमीत 'मेकॉले असं कधीच म्हणाला नाही' लिहू नको, 'त्या तारखेच्या मिनिटात हे वाक्य नाही' एवढंच लिही, तेवढंच तू स्वतः पाहिलंयस.