पासपोर्ट वेळेत हातात येणार नसेल तर व्हिसाची तारीख बदलून कशी मागायची?

"१८ तारखेला व्हिसाची अपॉइंटमेंट आहे, पण नूतनीकरणाला दिलेला पासपोर्ट अजून आलेला नाही. तारीख बदलून मागायला ईमेल कसा लिहू?"

पासपोर्ट येईल या आशेवर १७ तारखेपर्यंत थांबू नका, आजच हालचाल करा. वेळ टळली की तुमची नोंद गैरहजर म्हणून होते आणि बऱ्याच ठिकाणी पुन्हा शुल्क भरून नवी तारीख घ्यावी लागते.

आधी पोर्टल उघडून बघा. तिथून तारीख बदलता येत असेल तर ईमेलची गरजच नाही. सोय बंद असेल किंवा बदलायच्या संधी संपल्या असतील, तर त्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या. माझ्यावर हीच वेळ आली होती. पहिल्या ईमेलमध्ये मी सगळी हकिगत चार परिच्छेदांत लिहिली आणि उत्तर आलं, "कृपया पोर्टल वापरा." दुसऱ्यांदा स्क्रीनशॉट जोडून मोजकंच लिहिलं, तेव्हा कुणीतरी खरंच वाचलं.

विषयाच्या ओळीतच अर्ज क्रमांक आणि सध्याची तारीख टाका. मजकूर त्या कार्यालयाच्या भाषेत लिहा, पण आशय साधारण असा ठेवा:

"माझी अपॉइंटमेंट १८ तारखेला सकाळी ९.३० वाजता आहे. माझा पासपोर्ट नूतनीकरणासाठी जमा असून तो त्या दिवसापर्यंत मिळणार नाही. पावती आणि आजची स्थिती दाखवणारं पान जोडलं आहे. पोर्टलवर तारीख बदलता येत नाही, त्याचा स्क्रीनशॉटही सोबत आहे. २८ तारखेनंतरची कोणतीही वेळ मला चालेल. नवीन पासपोर्टचा क्रमांक वेगळा असेल, तो नोंदीत कसा बदलावा हे कृपया कळवावं."

खाली पासपोर्टवर आहे तसंच पूर्ण नाव, जुना पासपोर्ट क्रमांक आणि फोन नंबर.

शेवटचं वाक्य बहुतेक जण विसरतात. अपॉइंटमेंट जुन्या क्रमांकावर घेतलेली असते. नवा पासपोर्ट घेऊन गेलात आणि यादीत जुनाच क्रमांक असला, तर दारातच अडवू शकतात. ऑनलाइन अर्जातही जुनाच क्रमांक असेल, तोही दुरुस्त करावा लागेल.

नवी तारीख मागताना प्रवासाच्या दिवसापासून उलटं मोजा. शेंगेन व्हिसाचं उदाहरण घ्या: अर्ज प्रवासाच्या किमान १५ दिवस आधी द्यावा लागतो आणि निर्णयालाही साधारण १५ दिवस लागतात, कधी जास्तही. म्हणजे अगदी काठावरची तारीख मिळूनही विमान चुकू शकतं. तेवढी जागा उरत नसेल तर आधी तिकीट पुढे ढकला, मग ईमेल लिहा.

आणि हातातली अपॉइंटमेंट आपणहून रद्द करू नका. "तुमची विनंती मिळाली" एवढंच उत्तर आलं असेल तर तारीख बदललेली नाही. नव्या तारखेचं पुष्टीपत्र येईपर्यंत १८ तारीखच कायम आहे असं धरा.