आढावा बैठकीला निर्णय घेणारे का येत नाहीत?

“आमच्या सर्वांत मोठ्या ग्राहकाला मी दर तिमाहीला आढावा बैठकीचे आमंत्रण पाठवतो. बैठक त्यांच्याच कारखान्यात असते, तरी मोठे साहेब फिरकत नाहीत. खरेदी विभागातील एक कनिष्ठ अधिकारी बसतो, चहा होतो, ‘वर सांगतो’ म्हणतो आणि संपते. दोष आमंत्रणात आहे की माझ्यात?”

नोकरीतील ताणासाठी माझ्याकडे येणाऱ्या विक्री विभागातील मंडळींकडून ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की आता ती सुरू होताच मी त्यांचे आमंत्रणच वाचायला मागते. हिंगणा एमआयडीसीतील एका खोके बनवणाऱ्या कारखान्याचे ग्राहक-व्यवस्थापक गेल्या जूनमध्ये आले, तेव्हाही तेच केले. त्यांचा ग्राहक बुटीबोरीचा होता.

आमंत्रण चार ओळींचे होते. ‘आपला बहुमूल्य वेळ’, ‘कृपया सोयीनुसार’, ‘सविस्तर सादरीकरण बैठकीत करण्यात येईल’, आणि खाली स्वाक्षरी. त्यात कार्यक्रमपत्रिका नव्हती, आकडे नव्हते, कोणी यावे याचाही उल्लेख नव्हता. मी त्यांना समोरची खुर्ची दिली आणि म्हटले, “तुम्ही त्या कारखान्याचे प्रमुख आहात. हे पत्र वाचा आणि सांगा, तुम्ही गेला नाहीत तर काय अडेल?”

बराच वेळ शांततेत गेला. “काहीच नाही,” ते म्हणाले.

इथे अनेक सल्लागार नवे पत्र लिहून देतील आणि प्रकरण मिटवतील. मी तसे करत नाही. माणूस एखादे काम तीनदा अर्धवट करतो, तेव्हा त्या अर्धवटपणाचा त्याला काहीतरी उपयोग होत असतो, असे माझे मत आहे आणि अनुभवाने ते पक्के झाले आहे. म्हणून पुढच्या भेटीत मी विचारले, “मागच्या वेळी साहेब येणार नाहीत असा निरोप आला, तेव्हा पहिल्या क्षणी काय वाटले?”

त्यांनी आधी ‘वाईट वाटले’ असे सांगितले. मी थांबून राहिले. मग ते हसले आणि म्हणाले, “खरे सांगू? सुटलो असे वाटले.”

या एका शब्दासाठी दोन भेटी लागल्या होत्या, आणि त्या वाया गेल्या असे मी मानत नाही. ते साहेबांना बोलावत होते आणि साहेबांनी येऊ नये अशी तजवीजही करत होते. कारण आकड्यांत होते. जानेवारी ते मार्चमध्ये त्यांनी १२० गाड्या माल पाठवला होता. त्यांच्या हिशेबाने त्यांपैकी ५ गाड्यांना उशीर झाला, म्हणजे वेळेवर पुरवठा सुमारे ९६ टक्के. ग्राहकाच्या नोंदीत मात्र २३ गाड्या उशिराच्या होत्या, म्हणजे सुमारे ८१ टक्के. वरिष्ठांसमोर हा फरक निघाला तर आपण खोटे ठरू, या भीतीने ते आकडे बैठकीच्या दिवसापर्यंत झाकून ठेवत होते.

मी त्यांना धीर दिला नाही, कागद आणायला सांगितले. फरकाच्या १८ गाड्या एकेक करून तपासल्यावर कोडे उलगडले. त्यांचा कारखाना माल निघाल्याची तारीख धरत होता आणि ग्राहक स्टोअरमध्ये माल उतरल्याची. १४ गाड्या हिंगण्याहून दुपारी साडेचारनंतर सुटल्या होत्या. बुटीबोरीला पोहोचेपर्यंत माल उतरवून घेण्याची साडेपाचची वेळ उलटत होती, त्यामुळे नोंद दुसऱ्या दिवशीची पडत होती. उरलेल्या ४ गाड्या बिलावर खरेदी आदेशाचा क्रमांक नसल्याने फाटकावर अडल्या होत्या. या ४ गाड्यांचा दोष निखालस आपला, हे त्यांनी पहिल्यांदाच मोकळेपणाने मान्य केले.

आता कोणाला बोलवायचे, हा प्रश्न आपोआप सुटला. आधी कोणता निर्णय हवा ते ठरवावे आणि मग तो ज्याच्या हातात आहे त्याचे नाव लिहावे, हा क्रम मी सर्वांना सांगते. माल उतरवण्याची वेळ वाढवणे खरेदी विभागातील त्या कनिष्ठ अधिकाऱ्याच्या हातात कधीच नव्हते. ते स्टोअर-प्रमुख आणि कारखाना-प्रमुख यांच्या हातात होते. मात्र त्या अधिकाऱ्याला वगळून वर पत्र पाठवले असते, तर रोजचे काम ज्याच्याशी तोच दुखावला असता. म्हणून आधी त्याला भेटून फरकाचा तक्ता दाखवला आणि आमंत्रण त्याच्यामार्फतच वर गेले. आपल्या वरिष्ठांसमोर त्याला काहीही अनपेक्षित ऐकावे लागणार नव्हते, आणि म्हणूनच त्याने मन लावून पाठपुरावा केला.

नवे आमंत्रण २४ जूनला, म्हणजे तीन आठवडे आधी गेले. त्याचा गाभा असा होता: “१५ जुलै रोजी सकाळी ११ ते १२.१५ या वेळेत एप्रिल ते जूनचा आढावा घ्यावा, अशी विनंती आहे. मागील तिमाहीत वेळेवर पुरवठ्याच्या आमच्या व आपल्या नोंदींत १८ गाड्यांचा फरक आढळला आहे. पुरवठ्याची कोणती वेळ धरावी आणि सायंकाळी माल उतरवून घेता येईल का, हे दोन निर्णय आपली व स्टोअर-प्रमुखांची उपस्थिती असल्याशिवाय होऊ शकत नाहीत. आमच्याकडून कारखान्याचे संचालक उपस्थित राहतील. एप्रिल ते जूनचे आकडे आपल्या स्टोअरशी पडताळून ८ जुलैपर्यंत पाठवतो.”

संचालकांचा उल्लेख सहज आलेला नाही. आपल्या बाजूने ज्या दर्जाचा माणूस जातो, साधारण त्याच दर्जाचा माणूस समोर बसतो.

कार्यक्रमपत्रिका ७५ मिनिटांची होती: मागील ठरावांना १०, पुरवठ्याच्या आकड्यांना १५, गुणवत्तेच्या प्रलंबित तक्रारींना १५, दोन निर्णयांना २५ आणि पुढील तिमाहीच्या मागणीच्या अंदाजाला १० मिनिटे. दरवाढीचा विषय मी आग्रहाने बाहेर ठेवायला लावला, कारण दर एकदा टेबलावर आला की आढाव्याची घासाघीस होते आणि बाकीचे विषय बुडतात. आकडे पाच कामाचे दिवस आधी गेले: एक पान सारांश आणि मागे गाडीनिहाय तक्ता. दुसऱ्या ग्राहकांची माहिती किंवा स्वतःचा उत्पादनखर्च त्यात नव्हता. तुलनेच्या मोहाने काही जण तेही टाकतात आणि पुढे पस्तावतात.

“एवढे करूनही ते आले नाहीत तर?” त्यांनी विचारले. दोन दिवस आधीपर्यंत निर्णयाचा अधिकार असलेल्या व्यक्तीची उपस्थिती निश्चित झाली नाही, तर बैठक पुढे ढकलावी, असे मी सांगितले. चहापुरती बैठक उरकली की पुढच्या तिमाहीला कोणी तिला मोजत नाही. अर्थात एवढा खटाटोप धंद्याचा मोठा भाग ज्यांच्यावर उभा आहे अशा दोन-तीन ग्राहकांसाठीच परवडतो. बाकीच्यांना सहा महिन्यांतून एक भेट पुरते.

कारखाना-प्रमुख आले. गाडी निघाल्याची वेळ धरण्यास त्यांनी साफ नकार दिला, ‘माल उतरला तरच आला’ असे ते म्हणाले. मात्र आठवड्यातून दोन दिवस साडेसातपर्यंत माल उतरवून घेण्यास त्यांनी स्टोअर-प्रमुखांना तिथेच सांगितले, आणि उरलेल्या दिवशी गाड्या दुपारी दोनच्या आत सोडण्याचे संचालकांनी कबूल केले. खरेदी आदेशाच्या क्रमांकाबद्दल खडे बोल ऐकावे लागले.

संध्याकाळी ग्राहक-व्यवस्थापकांचा फोन आला. मी जूनमधलाच प्रश्न पुन्हा विचारला, आज काय वाटले?

“दमलो,” ते म्हणाले, आणि इतिवृत्त त्याच रात्री पाठवायचे असल्याने त्यांनी फोन ठेवला.