'वॉर' संपत का नाही? पत्त्यांच्या खेळावरचे तुमचे प्रश्न

प्रश्न: मुलीबरोबर वॉर खेळायला बसलो, तास झाला तरी कोणी जिंकेना. शेवटी ती रडायला लागली. एवढा वेळ का लागतो याला? आम्ही काही चुकीचं खेळतोय का?

नाही हो, तुम्ही बरोबरच खेळताय. एक साधा हिशोब बघा. दोघांकडे 26-26 पत्ते, दोघं वरचा पत्ता उलटतात, ज्याचा मोठा तो दोन्ही नेतो. म्हणजे एका वेळी फक्त एक पत्ता इकडून तिकडे जातो, आणि पुढच्याच वेळी तिकडून एक परत यायची शक्यता जवळपास निम्मी. दोन पावलं पुढे, एक मागे, मग दोन मागे, असं ते चालतं. आता समजा प्रत्येक वेळी कोण जिंकणार हे नाणं उडवून ठरतंय, तर एकाचे पत्ते संपेपर्यंत सरासरी किती वेळा उलटावं लागेल याचं उत्तर फार सुंदर आहे: एकाचे पत्ते गुणिले दुसऱ्याचे पत्ते. 26 गुणिले 26, म्हणजे 676 वेळा! आणि ही सरासरी आहे, एखादा डाव याच्या दुप्पट-तिप्पट चालला तर त्यात काहीच विशेष नाही.

खऱ्या खेळात सुटका होते ती युद्धामुळे, म्हणजे दोघांचे सारखे पत्ते आले की. नीट पिसलेल्या कॅटमधून दोन पत्ते काढले तर ते सारखे असायची शक्यता 51 मध्ये 3, म्हणजे साधारण सतरा वेळा उलटल्यावर एकदा युद्ध. तीन पत्ते उपडे ठेवून चौथा उलटायचा असा नियम असेल तर एका युद्धात एकदम पाच पत्ते हलतात, आणि ही मोठी पावलं वेळ खूप कमी करतात. माझ्या ढोबळ हिशोबाने 676 चे 280 च्या आसपास होतात. पण बरीच मुलं एकच पत्ता उपडा ठेवतात, तेव्हा युद्धात तीनच पत्ते हलतात आणि आकडा 460 च्या जवळ राहतो. तुम्ही कसं खेळता ते लिहिलं नाहीत, पण एकच ठेवत असाल तर तीन ठेवून बघा, फरक लगेच जाणवेल.

प्रश्न: माझ्याकडे 45 पत्ते होते आणि भाच्याकडे 7 च. मला वाटलं दोन मिनिटांत संपणार, पण अर्ध्या तासाने तोच जिंकला! हे कसं काय?

वरचाच गुणाकार लावून बघा. 45 गुणिले 7 म्हणजे 315. युद्धं धरली नाहीत तर 45-7 वरून सुद्धा सरासरी 315 वेळा उलटायचं शिल्लक असतं, सुरुवातीच्या जवळजवळ निम्मं. युद्धं धरली तरी सव्वाशेच्या वर जातं. आणि नाण्याच्या हिशोबात 7 वाल्याला जिंकायची शक्यता 52 मध्ये 7 असते, म्हणजे सात-साडेसात डावांत एकदा. त्यामुळे तुमच्या भाच्याने काही चमत्कार केला असं नाही.

पण इथे नाण्याचा हिशोब थोडा अपुरा पडतो, कारण पत्ते सगळे सारखे नसतात, आणि मला वाटतं तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथेच आहे. त्या सात पत्त्यांत एक्का होता का हो? एक्का साध्या उलटण्यात कधीच हरत नाही. तो फक्त युद्धातच जातो, एकतर समोरूनही एक्का आला म्हणून किंवा युद्धात उपडा ठेवलेला असताना. आणि युद्ध तर सतरातून एकदा! म्हणजे हातात पाच-सात पत्ते उरले आणि त्यात एक एक्का असला की दर थोड्या वेळाने तो एक पत्ता आणून देणारच, बाकीचे हरत राहतात आणि एक्का भरून काढत राहतो. डाव 'आता संपला' असं वाटून पुन्हा वर येतो तो यामुळेच. पत्ते किती यापेक्षा एक्के कोणाकडे किती हे बघा, कोणाचं पारडं जड आहे ते जास्त बरोबर कळतं.

प्रश्न: हा खेळ कधीच न संपणारा असू शकतो का? मित्र म्हणतो कधी ना कधी संपतोच, कारण पत्ते मर्यादित आहेत.

मित्राचं अर्धं बरोबर आहे. पत्ते मर्यादित आहेत, त्यामुळे दोन हातांच्या मांडण्याही मर्यादित (प्रचंड आहेत, पण मर्यादितच). पण त्यावरून खेळ संपतो असं निघत नाही. एकतर तो संपेल, नाहीतर आधी येऊन गेलेली मांडणी पुन्हा येईल, एवढंच निघतं. आणि जिंकलेले पत्ते खाली सरकवायची पद्धत ठरलेली असेल, तर मांडणी पुन्हा आली की पुढचं सगळं तसंच्या तसं पुन्हा घडणार, कारण या खेळात खेळणारा काही ठरवतच नाही. मग तो डाव कायमचा गोल फिरत राहतो.

असं खरंच होतं का? चारच पत्ते घ्या आणि हातानेच करून बघा. एकाकडे नव्वी वर आणि छक्की खाली, 9, 6. दुसरीकडे सत्ती वर, अठ्ठी खाली, 7, 8. सवयी दोघांच्या वेगळ्या: पहिला जिंकला की आधी आपला पत्ता गड्डीखाली घालतो मग जिंकलेला, दुसरी आधी जिंकलेला घालते मग आपला. (मुलांमध्ये हे अगदी सर्रास असतं, कोणी लक्षही देत नाही.)

9 विरुद्ध 7, पहिला जिंकला. त्याचे झाले 6, 9, 7 आणि तिच्याकडे फक्त 8.
6 विरुद्ध 8, ती जिंकली. तिचे 6, 8. त्याचे 9, 7.
9 विरुद्ध 6, तो जिंकला. त्याचे 7, 9, 6. तिच्याकडे पुन्हा फक्त 8.
7 विरुद्ध 8, ती जिंकली. तिचे 7, 8. त्याचे 9, 6.

आणि हीच तर सुरुवातीची मांडणी! चार वेळा उलटून जिथून निघालो तिथेच आलो, आता हे असंच चालणार.

तुम्ही म्हणाल चार पत्त्यांचं ठीक आहे, पूर्ण कॅटचं काय. तर हेच चार पत्त्यांचं चक्र तेरा वेळा एकापुढे एक लावता येतं. 52 पत्ते मोठ्यापासून लहानापर्यंत लावा आणि तेरा-तेराचे चार ढीग करा. सगळ्यात मोठा ढीग (चारही एक्के, राजे, राण्या आणि एक गुलाम) आणि सगळ्यात लहान ढीग पहिल्याकडे, एक मोठा एक लहान असे आलटून पालटून, मोठा वर. मधले दोन ढीग दुसरीकडे, तसेच आलटून पालटून, पण तिसऱ्या ढिगातला लहान पत्ता आधी आणि दुसऱ्या ढिगातला मोठा नंतर. फक्त एक काळजी घ्यायची, अठ्ठ्या दोन्ही मधल्या ढिगांत वाटल्या जातात तर तिच्या लागोपाठच्या जोडीत दोन अठ्ठ्या येऊ द्यायच्या नाहीत, नाहीतर युद्ध होईल. मग सवयी वरच्यासारख्याच ठेवल्या की 52 वेळा उलटल्यावर सगळे पत्ते पुन्हा पहिल्या जागी, मध्ये एकही युद्ध नाही. चारही एक्के एकाकडे, राजे-राण्याही त्याच्याकडेच, आणि तरी तो जन्मात जिंकत नाही! मी पहिल्यांदा पत्ते जमिनीवर मांडून हे पूर्ण फिरवलं तेव्हा शेवटचा पत्ता बरोबर जागेवर आलेला बघून इतका आनंद झाला की लगेच दुसऱ्यांदा केलं.

प्रश्न: पण मग घराघरात मुलांचे डाव शेवटी संपतात कसे? कंटाळा येऊन सोडून देतात ते सोडा, बाकीचे?

कारण मुलं एकाच क्रमाने पत्ते घालत नाहीत. कधी आपला आधी, कधी दुसऱ्याचा, कधी दोन्ही तसेच कोंबले. हा निष्काळजीपणाच चक्र मोडतो. वरचेच चार पत्ते घ्या आणि अगदी पहिल्या वेळी त्याला 7 आधी आणि 9 नंतर घालू द्या. त्याचे झाले 6, 7, 9. मग 6 विरुद्ध 8, ती जिंकली, तिचे 6, 8 आणि त्याचे 7, 9. आता 7 विरुद्ध 6, तो जिंकला, आणि उरलं 9 विरुद्ध 8. संपलं! एका जागी दोन पत्त्यांचा क्रम बदलला आणि कधीच न संपणारा डाव चार वेळा उलटण्यात संपला.

हे नुसतं उदाहरणापुरतं नाही. एव्गेनी लाक्श्तानोव आणि वेरा रोश्चिना या दोघांनी 2012 मध्ये 'अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली' मध्ये याची सिद्धता दिली. ठरलेल्या क्रमात डाव गोल फिरू शकतो हे त्यांनी उदाहरणाने दाखवलं, आणि दोघंही खेळाडू क्वचित का होईना पण अधूनमधून क्रम बदलत राहिले तर खेळाची सरासरी लांबी मर्यादित असते हे सिद्ध केलं. त्यामागचं कारण मला फार आवडतं: कुठल्याही मांडणीपासून निदान एक तरी वाट शेवटाकडे जातेच. ती वाट कितीही अवघड असो, क्रम बदलत राहिला की आज ना उद्या ती लागणार. 'कायम चालू राहील' याची शक्यता शून्य होते, पण किती वेळात संपेल याची हमी मात्र कोणी देऊ शकत नाही, हा फरक लक्षात ठेवा.

तुमचा डाव चक्रात अडकलाय का हे ओळखायचं असेल तर बघा, बराच वेळ युद्धच नाही आणि दोघांच्या पत्त्यांची संख्या त्याच दोन-तीन आकड्यांत झुलतेय, असं झालं तर शंका घ्यायला जागा आहे. एखादी सलग चार-पाच पत्त्यांची ओळ कागदावर लिहून ठेवा, तीच ओळ पुन्हा पुन्हा यायला लागली तर चक्र असू शकतं. मग काही नाही, दोघांनी आपापली गड्डी एकदा पिसायची आणि पुढे चालू करायचं.

प्रश्न: युद्ध चालू असताना एकाचे पत्तेच संपले तर? आमच्याकडे दर वेळी यावरून भांडण.

दोन्ही पद्धतीने खेळतात: एक, ज्याचे संपले तो हरला; दोन, त्याने शेवटचा पत्ता उपडा न ठेवता सुलटा ठेवून तेवढ्यावरच युद्ध लढायचं. दुसऱ्या पद्धतीत कमी पत्तेवाल्याला संधी राहते म्हणजे डाव लांबतो, त्यामुळे लहान मुलं असतील तर मी पहिलीच घेईन. पण पत्ते वाटायच्या आधी ठरवा, भांडण नियमावरून होत नाही, नियम मधेच ठरवण्यावरून होतं. आणि हो, दोघांचे पत्ते एकदम संपणंही शक्य आहे. दोघांना प्रत्येक आकड्याचे दोन-दोन पत्ते आले आणि तेही नेमके त्याच क्रमाने, तर प्रत्येक उलटण्याला युद्ध, युद्धात पुन्हा युद्ध, आणि शेवटी सगळे पत्ते मध्ये पडलेले, दोघांचे हात रिकामे. डाव संपला पण जिंकलं कोणीच नाही.