भूमितीची आकृती शब्दांत कशी सांगावी, म्हणजे ती न पाहता उदाहरण सुटेल?

प्रश्न: माझ्या पुतणीला दिसत नाही. ती यंदा दहावीला आहे. गणित भाग २ मधल्या आकृत्या तिला बोलून कशा सांगाव्यात, म्हणजे कोन आणि लांबी काढण्याची उदाहरणे ती स्वतः सोडवू शकेल?

आकृती कशी दिसते हे सांगण्यापेक्षा ती कशी काढली आहे हे सांगावे. आधी मोठी वस्तू, मग तिच्यावरचे बिंदू, मग त्यांना जोडणारे रेषाखंड आणि सर्वांत शेवटी मापे असा क्रम ठेवला, आणि प्रत्येक नवा बिंदू आधी सांगून झालेल्या गोष्टींच्या आधारेच ओळखता येईल अशी वाक्ये केली, तर मुलीला मागे वळून काही दुरुस्त करावे लागत नाही. ‘एक वर्तुळ आहे, बाजूला त्रिकोणासारखे काहीतरी आहे, त्यात बारा लिहिले आहे’ अशा वर्णनातून ज्याला आकृती दिसते आहे त्यालाच काही कळते.

वर्तुळाच्या प्रकरणात वारंवार भेटणारी एक आकृती घेतो. वर्तुळाबाहेरच्या बिंदूला पुस्तकात बहुधा P म्हणतात. मी मुद्दाम M म्हणतो, कारण तोंडी सांगताना P आणि B सारखेच ऐकू येतात. आपणही अक्षर बदलले तर उत्तरातही तेच अक्षर राहील, हे पुतणीला आधी सांगून ठेवावे.

‘O हे वर्तुळाचे केंद्र आहे. AB हा त्या वर्तुळाचा व्यास आहे. रेख AB ही B च्या बाजूने वर्तुळाबाहेर वाढवली असून त्या वाढवलेल्या भागावर M हा बिंदू आहे. म्हणजे एकाच रेषेवर A, O, B, M हे बिंदू याच क्रमाने येतात. M मधून काढलेली एक स्पर्शिका वर्तुळाला C या बिंदूत स्पर्श करते. रेख CA आणि रेख CB काढल्या आहेत.’

आकृती इथे पूर्ण झाली. आता पहिला प्रश्न असा, की कोन CAB ३२° असेल तर कोन CMB किती? AB व्यास आहे, म्हणून अर्धवर्तुळात अंतर्लिखित असलेला कोन ACB हा ९०° आणि त्यामुळे कोन ABC हा ५८°. A, B, M एकरेषीय आहेत व B मध्ये आहे, म्हणून कोन CBM १२२°. MC स्पर्शिका आणि CB जीवा आहे, म्हणून कोन MCB हा कोन CAB एवढाच, ३२°. त्रिकोण CBM मध्ये उरला तो कोन CMB = १८० − १२२ − ३२ = २६°. या प्रत्येक पायरीला वर्णनातल्या एकेका शब्दाचा आधार आहे, हे लक्षात घ्यावे. ‘व्यास’ऐवजी ‘जीवा’ म्हटले असते तर ९०° गेले असते, आणि ‘स्पर्शिका’ऐवजी ‘रेषा’ म्हटले असते तर शेवटचे ३२° गेले असते.

दुसरा प्रश्न याच आकृतीवर, पण वेगळ्या मापांचा: MC = १२ सेमी आणि MB = ८ सेमी असेल तर त्रिज्या किती? MC² = MB × MA, म्हणून १४४ = ८ × MA आणि MA = १८. M कडून पाहता B आधी आणि A नंतर येतो, म्हणून AB = १८ − ८ = १० आणि त्रिज्या ५ सेमी. हे दोन प्रश्न सांगताना मापे एकत्र करू नयेत. १२ आणि ८ या लांबींना कोन CAB सुमारे ३३.७° येतो, ३२° नव्हे. कागदावरच्या आकृतीत हा फरक नजरेला जाणवणार नाही, पण आकृतीशिवाय हिशेब करणारी मुलगी विसंगत माहितीत अडकून पडेल.

सगळ्यात जास्त घोटाळा बाजू न सांगितल्याने होतो, कारण आकृती ती न बोलता सांगते आणि आपल्याला ती सांगायची आठवण राहत नाही. ‘केंद्र O असलेल्या वर्तुळावर A, B, C हे बिंदू आहेत, कोन AOB १००° आहे, कोन ACB काढा’ हे वाक्य पूर्ण वाटते, पण त्याला दोन उत्तरे आहेत. C हा विशालकंसावर असेल तर ५०° आणि लघुकंसावर असेल तर १३०°. लांबीच्या बाबतीतही तसेच होते: १० सेमी त्रिज्येच्या वर्तुळात १६ सेमी आणि १२ सेमी लांबीच्या दोन समांतर जीवा आहेत. केंद्रापासून त्यांची अंतरे अनुक्रमे ६ आणि ८ सेमी येतात. जीवा केंद्राच्या विरुद्ध बाजूंना असतील तर त्यांच्यातील अंतर १४ सेमी, एकाच बाजूला असतील तर २ सेमी. म्हणून बिंदू कोणत्या कंसावर आहे, रेषेच्या कोणत्या बाजूला आहे आणि कोणत्या दोन बिंदूंच्या मध्ये आहे, या तीन गोष्टी दर वेळी स्वतःला विचाराव्यात. चौकोन असेल तर शिरोबिंदू कडेकडेने ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने नाव घ्यावे, नाहीतर बाजूचा कर्ण होतो.

मात्र हे ‘वर’ आणि ‘डावीकडे’ या शब्दांत सांगण्याची फारशी गरज नसते. वरच्या पहिल्या आकृतीत C हा रेषा AB च्या वर असो की खाली, दोन्ही उत्तरे तीच येतात, म्हणून मी बाजू सांगितली नाही. बिंदूंचा क्रम मात्र सांगितला. त्या विशिष्ट मापांवरून M हा B च्याच बाजूला असणार हे सिद्ध करता येते, पण ते सिद्ध करणे हा प्रश्नाचा भाग नाही आणि परीक्षेचा वेळ त्यात घालवायला लावणे अन्यायाचे आहे.

आकृतीतल्या खुणा हा पक्षाचाच भाग असतो. काटकोनाचा छोटा चौकोन, समान बाजूंवरच्या बारीक रेघा, समांतर रेषांवरचे बाण हे सगळे ‘कोन इतका दिला आहे’, ‘या बाजू समान दिल्या आहेत’ अशा शब्दांत सांगावे. उलट, खूण नसताना बाजू समान दिसतात म्हणून ‘समद्विभुज त्रिकोण आहे’ असे कधीही म्हणू नये. पुस्तकात रेख OC काढलेली नसेल तर तीही सांगू नये. स्पर्शबिंदूतून त्रिज्या काढण्याची कल्पना सुचणे हेच अनेकदा त्या उदाहरणाचे मर्म असते, आणि ते शोधण्याचा हक्क मुलीचा आहे.

वर्णन तयार झाले की आकृती न पाहिलेल्या घरातल्या कोणालाही ते वाचून दाखवून कागदावर काढायला सांगावे. आकार हुबेहूब जुळण्याची अपेक्षा ठेवू नये; बिंदूंचा क्रम, बाजू आणि कोण कशाला स्पर्श करते एवढेच पुस्तकाशी ताडून पाहावे. त्याने काढलेली आकृती वेगळी निघाली आणि तरीही आपले एकही वाक्य मोडले गेले नसेल, तर कोणते वाक्य राहून गेले हे त्या फरकावरूनच कळते.