'लो'ला 'गोष्ट' नको

'स्पॅनिशमधलं एल आणि ला समजलं. पण लो ब्वेनो, लो के यांतल्या लोचं मराठी कसं करायचं? चांगली गोष्ट, जी गोष्ट असं चालेल का?'

नाही चालणार. 'चांगली गोष्ट ही आहे की' हे हिंदीतल्या 'अच्छी बात'चं उसनं रूप आहे, आणि ते हल्ली जिथंतिथं कानावर पडतं. हिंदीला नपुंसकलिंग उरलेलं नाही, म्हणून तिला 'बात' लागते. आपल्याला कशाला? एल ब्वेनो म्हणजे चांगला, ला ब्वेना म्हणजे चांगली, लो ब्वेनो म्हणजे चांगलं. लो के दीसेस म्हणजे 'तू म्हणतोस ते'. लो मिओ म्हणजे 'माझं'. आणि लो दे आयेर म्हणजे नुसतं 'कालचं'! कालचं काय, ते बोलणाऱ्या दोघांना ठाऊक असतं. तेवढंच लोचं काम. म्हणून त्याच्यापुढे नाम कधीच येत नाही.

आता खरी गंमत. लो न्वेवो घ्या. लॅटिनमध्ये 'नवं' म्हणजे नोवुम, संस्कृतात नवम्. दोन्हींचा शेवटचा म् एकाच मूळ भाषेतून आलेला, नपुंसकलिंगाची खूण. स्पॅनिशनं तो गिळला. नोवुम आणि पुल्लिंगी नोवुस, दोन्हींचं न्वेवोच झालं, आणि नपुंसकलिंग सांगायला लॅटिन 'इल्लुद'मधून म्हणजे 'ते'मधून आलेला लो तेवढा उरला. आपल्याकडे मात्र संस्कृत 'नवकम्'मधल्या -अकम्चं -एं झालं, 'नवें'. १९६२च्या नियमांनी लेखनातून तो अनुस्वार काढला, तरी बोलीतलं 'नवं' लिहिताना तो टिंब होऊन परत डोक्यावर बसतोच. मी तर म्हणतो, लो हा स्पॅनिशचा अनुस्वार आहे.

स्पेनची भाषा अकादमी लोला उपपद म्हणते. मला ते पटत नाही. व्याकरणकार आंद्रेस बेल्योनं १८४७च्या आपल्या स्पॅनिश व्याकरणात त्याला एल्योचं आखूड रूप मानलं, म्हणजे आपलं 'ते'. मराठी माणसाला बेल्योचंच म्हणणं पटायला हवं, कारण 'चांगलं ते घे'मधलं 'ते' उपपद आहे असं कोण म्हणेल?

दोन ठिकाणी मात्र जपा. स्वल्पविरामानंतर आलेला लो के आधीच्या अख्ख्या वाक्याकडे बोट दाखवतो. तिथं 'तो उशिरा आला, जे मला आवडलं नाही' असलं मराठी लिहू नका. 'तो उशिरा आला, हे मला आवडलं नाही' असं सरळ लिहा.

दुसरं, नो साबेस लो ब्वेनास के सोन. इथं लो नपुंसक, पण विशेषण स्त्रीलिंगी अनेकवचनी. असं लिंग-वचन जुळलेलं विशेषण लो आणि के यांच्या मध्ये दिसलं, की 'चांगलं ते' विसरा. तिथं लो म्हणजे 'किती': 'त्या किती चांगल्या आहेत, तुला माहीत नाही.' लो ब्येन के कांताचंही तेच, 'किती छान गाते'.