बझरचा प्रश्न कुठेही तोडा, उत्तर एकच निघालं पाहिजे

प्रश्न: "आमच्या शाळेत आंतरशालेय विज्ञान प्रश्नमंजूषा आहे. सहा संघ, दीड तास. फेऱ्या कशा ठेवू? आणि बझर फेरीचे प्रश्न-उत्तरं संहितेत नेमकी कशी लिहायची? मागच्या वेळी त्याच फेरीत भांडणं झाली."

फेऱ्यांचं आधी उरकतो, तिथे फारसं अडत नाही. पहिली फेरी थेट प्रश्नांची, प्रत्येक संघाला दोन. दुसरी चित्र किंवा छोटा प्रयोग दाखवून, प्रत्येकी एक. तिसरी झटपट फेरी, प्रत्येकी एक मिनिट. बझर शेवटी: बारा प्रश्न, चार राखीव. एवढं साधारण सव्वा तासात बसतं आणि उरलेला वेळ गुण जाहीर करण्यात जातोच. बरेच जण झटपट फेरी शेवटी ठेवतात. मला ते पटत नाही, कारण सोपा संच कुणाच्या वाट्याला आला यावर निकाल फिरतो. बझरला निदान प्रश्न सगळ्यांना तोच असतो.

आता भांडणांकडे. मी सूत्रसंचालन करत असलेल्या एका स्पर्धेत माझाच प्रश्न असा सुरू होत होता: "हा ग्रह बहुतेक ग्रहांच्या उलट दिशेने स्वतःभोवती फिरतो. त्याच्या पृष्ठभागावरचं तापमान..." इथेच एका संघाने बझर दाबला आणि म्हणाला, "युरेनस." माझ्या कागदावर 'शुक्र' होतं. मी चूक म्हटलं, पाच गुण कापले. त्यांच्या शिक्षिका उठल्या. त्यांचं म्हणणं असं की युरेनसचा अक्ष सुमारे 98 अंशांनी कललेला आहे, म्हणून त्याचं फिरणंही उलटंच धरतात. बरोबर होतं त्यांचं. तोवर ऐकू आलेल्या वाक्यात शुक्र आणि युरेनस दोघेही बसत होते. दहा मिनिटं वाद झाला, शेवटी प्रश्न रद्द केला, आणि ज्या संघाला शुक्र ठाऊक होता तो नाराज झाला तो झालाच.

तेव्हापासून एकच कसोटी लावतो. प्रश्न कागदावर लिहायचा, दुसऱ्या कागदाने झाकायचा, आणि एकेक वाक्य उघडत जायचं. पहिली खूण उघडली की तिथपर्यंतच्या मजकुराला दुसरं एखादं उत्तर बसतं का ते बघायचं. बसत असेल तर ती खूण मागे ढकलायची. शुक्राचा प्रश्न आता असा आहे:

"ग्रह ओळखा. याला स्वतःभोवती एक फेरी मारायला सूर्याभोवतीच्या फेरीपेक्षा जास्त वेळ लागतो: 243 पृथ्वी-दिवस विरुद्ध 225. याच्या वातावरणात मुख्यत्वे कार्बन डायऑक्साइड आहे. बुध सूर्याच्या जवळ असूनही सर्वांत तापलेला ग्रह मात्र हाच."

पहिलीच खूण सूर्यमालेतल्या एकाच ग्रहाला लागू पडते, पण ती फार थोड्या मुलांना ठाऊक असते. शेवटची बहुतेकांना येते. म्हणजे ज्याला जास्त माहीत आहे तो आधी दाबतो, आणि बझर फेरीत आपल्याला तेच हवं असतं.

सुरुवातीचं "ग्रह ओळखा" मुद्दाम आहे. मराठीत 'कोणता', 'किती', 'का' वाक्याच्या शेवटी येतात. "प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर आहे, तर ध्वनीचा हवेतला वेग किती?" हा प्रश्न अर्ध्यात दाबणाऱ्या मुलाला खड्ड्यात घालतो, आणि त्यात विज्ञानाची परीक्षा काहीच होत नाही. म्हणून काय ओळखायचं आहे ते पहिल्या दोन शब्दांत सांगून टाका: मूलद्रव्य ओळखा, शास्त्रज्ञ ओळखा, घटना ओळखा.

उत्तराच्या रकान्यात नुसतं उत्तर लिहू नका. त्याखाली तीन ओळी हव्यात: काय चालेल, काय चालणार नाही, आणि कशावर पुन्हा विचारायचं. एक नमुना देतो.

"शास्त्रज्ञ ओळखा. दोन वेगवेगळ्या विज्ञानशाखांत नोबेल मिळवणारी ही पहिली व्यक्ती. तिने शोधलेल्या एका मूलद्रव्याला आपल्या मायदेशाचं नाव दिलं. 1903 मध्ये भौतिकशास्त्राचं, 1911 मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल तिला मिळालं."
उत्तर: मेरी क्युरी.
चालेल: मादाम क्युरी, मारी स्क्लोदोव्स्का.
पुन्हा विचारा: नुसतं 'क्युरी' म्हटल्यास "पूर्ण नाव?" असं एकदाच.
चालणार नाही: पिएर क्युरी, इरेन जोलिओ-क्युरी.

'क्युरी' वर पुन्हा विचारायचं कारण असं की 1903 च्या पारितोषिकात पिएरही होते आणि मुलगी इरेनला 1935 मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. हे आधी लिहून ठेवलं नाही तर व्यासपीठावर ठरवावं लागतं, आणि तिथे ठरवलेलं कुणालाच पटत नाही.

मराठी आणि इंग्रजी माध्यमाचे संघ एकत्र असतील तर 'चालेल' ही ओळ आणखी जपून लिहा. पारा, मर्क्युरी, Hg तिन्ही बरोबर. पण 'विकिरण' हा शब्द फसवा आहे. आकाश निळं दिसण्यामागच्या घटनेला मराठी पुस्तकात विकिरण म्हणतात, म्हणजे स्कॅटरिंग; आणि पुष्कळ लोक रेडिएशनलाही विकिरणच म्हणतात, ज्याला पुस्तकातला शब्द प्रारण आहे. त्यामुळे त्या प्रश्नाला 'विकिरण' किंवा 'स्कॅटरिंग' चालेल, 'रेडिएशन' किंवा 'प्रारण' चालणार नाही, आणि 'अपस्करण' तर नाहीच, कारण ते रंग वेगळे होणं झालं.

गुणांबद्दल. बरोबरला 10, चुकीला वजा 5 ठेवलं तर तीनांत एकदा बरोबर येणाऱ्याचा हिशेब शून्यावर येतो: एकदा दहा, दोनदा पाच वजा. त्याहून कमी खात्री असेल तर दाबण्यात तोटा, हे मुलं दोन-तीन प्रश्नांत ओळखतात. याच कारणाने 'बरोबर की चूक' छापाचे प्रश्न बझरला घेऊ नका. तिथे डोळे मिटून दाबलं तरी दोनांत एकदा बरोबर येतं, म्हणजे दोन प्रश्नांमागे पाच गुण फुकट.

नियम सुरुवातीला वाचून दाखवायचे, संहितेत शब्दशः असे लिहा:

"बझर वाजला की मी त्याच शब्दावर थांबेन. पाच सेकंदांत उत्तर सुरू करायचं. पहिलं उच्चारलेलं उत्तरच धरलं जाईल. चुकल्यास तो संघ या प्रश्नातून बाहेर, आणि बाकीच्यांसाठी मी प्रश्न पूर्ण वाचेन. त्यानंतर एकाच संघाला संधी."

पूर्ण वाचायचं विसरू नका, नाहीतर दुसऱ्या संघाला पहिल्याच्या घाईची शिक्षा होते.

पहिला दाब लागला की बाकीचे बझर बंद पडतात ना, हे सकाळीच तपासा. दोन मुलांना एकदम दाबायला लावा, दोन दिवे लागले तर ते यंत्र परत करा. आणि परीक्षकाच्या हातात संहितेची दुसरी प्रत व लाल पेन द्या. बझर वाजला की त्या शब्दानंतर त्याने तिरकी रेघ मारायची. आक्षेप आला तर "तोवर आम्ही काय ऐकलं होतं" यावर वाद उरत नाही, रेघेपर्यंतचं वाचून दाखवायचं. माझ्या त्या युरेनसच्या दिवशी निम्मा वेळ यातच गेला होता.