आभार, ऋणनिर्देश आणि सौजन्य

“आमची १२ मिनिटांची डिप्लोमा फिल्म तयार आहे. शेवटच्या पाट्यांत ‘ऋणनिर्देश’, ‘विशेष आभार’ आणि ‘सौजन्य’ असं तिन्ही घातलंय. हे तिन्ही एकच का? आणि दिग्दर्शकाचं नाव सगळ्यात शेवटी येतं ना?”

दिग्दर्शकाचं आधी सांगतो. नावं सुरुवातीला दाखवली तर दिग्दर्शकाची पाटी शेवटची, तिच्यानंतर लगेच गोष्ट सुरू होते. फिल्म संपल्यावर मात्र क्रम उलटतो: पहिली पाटी दिग्दर्शनाची, मग लेखन, निर्मिती, छायालेखन, संकलन, ध्वनी. त्यानंतर कलाकार, मग सहायक मंडळी, संगीताचा तपशील, आभार आणि अगदी तळाशी © ची ओळ. १२ मिनिटांच्या फिल्मला सुरुवातीला फक्त फिल्मचं नाव पुरे, बाकी सगळं शेवटी न्या.

आता ते तीन शब्द. ‘सौजन्य’ म्हणजे मुळात सुजनपणा, पण पाटीवर त्याचा अर्थ ठरलेला आहे: ही वस्तू आमची नाही, मालकाच्या परवानगीनं वापरली आहे. जुना फोटो, वर्तमानपत्राचं कात्रण, कुणाच्या संग्रहातली ध्वनिफीत, अशांनाच तो लागतो, आणि वस्तूचं नाव सोबत हवं: ‘छायाचित्रं सौजन्य: अमुक’. नुसतं ‘सौजन्य’ लिहून खाली नऊ नावं टाकली तर कोणाचं काय घेतलं ते कळत नाही. आमच्या फिल्मला एका काकूंनी वाडा दिला होता, शिवाय चार दिवस सगळ्यांना चहा. मी त्यांना ‘सौजन्य’मध्ये घातलं. त्या म्हणाल्या, “अरे, साधं आभार म्हणायला काय झालं होतं?” बरोबरच होतं त्यांचं.

माणसांनी केलेल्या मदतीला ‘आभार’. ‘विशेष आभार’ लिहिलंत की साधे आभार कुठे आहेत, असं वाचणारा शोधतो. यादी एकच असेल तर ‘विशेष’ काढून टाका. ‘ऋणनिर्देश’ हा पुस्तकातल्या पानाचा मथळा, तोही चालतो, पण मग ‘आभार’ वेगळे नकोत. यादीत आधी जागा आणि सामान देणारे, मग बाकीचे, आडनावाच्या अकारविल्हे. तसं केलं की कुणाचं नाव वर का, हा वादच राहत नाही. कलाकारांना हाच नियम लावू नका. तिथं प्रवेशक्रमानुसार लावलं तर प्रेक्षकाला चेहरा आठवतो.

मोफत म्हणून नेटवरून घेतलेलं संगीत आभारात टाकण्याची चूक फार होते. ते क्रिएटिव्ह कॉमन्सच्या `CC BY 4.0` परवान्याचं असेल तर रचनाकार आणि परवाना देणं ही अट आहे, रचनेचं नावही द्यावं, आणि तुकडा कापला असेल तर तेही सांगावं लागतं. म्हणून ते संगीताच्या पाटीवर.

कामांची नावं लिहिताना ‘दिग्दर्शक’ऐवजी ‘दिग्दर्शन’, ‘निर्माता’ऐवजी ‘निर्मिती’ लिहा. मग दिग्दर्शिका, निर्माती हा प्रश्नच उरत नाही, आणि एकाच पाटीवर ‘संकलक’ आणि ‘वेशभूषा’ अशी खिचडी होत नाही. ‘सहदिग्दर्शक’ म्हणजे बरोबरीचा दिग्दर्शक. क्लॅप धरणाऱ्या मित्राला तसं लिहिलंत तर त्याला बढती मिळते! तो ‘सहायक दिग्दर्शक’. ‘साहाय्यक’ही शुद्ध, पण दोन्हींची भेसळ झालेला ‘सहाय्यक’ नको, कितीही ठिकाणी दिसला तरी.

‘निर्मिती’पाशी थांबून विचार करा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात चित्रपटाचा कर्ता म्हणून निर्माता धरला जातो. पैसे आणि सामान महाविद्यालयाचं असेल तर प्रवेशाच्या वेळी सही केलेला कागद काढून बघा. ‘निर्मिती’ आणि © या दोन ओळींत वेगवेगळी नावं आली की महोत्सवाचा अर्ज भरताना हमखास अडतं.

आता पाट्यांना किती वेळ लागतो, तो हिशोब. समजा नावं ४० आहेत. पाटी सरकवली तर १०८० उंचीच्या चौकटीत दर फ्रेमला ३ पिक्सेलनं एक ओळ खालून वर जायला ३६० फ्रेम, म्हणजे सेकंदाला २४ फ्रेमच्या वेगानं १५ सेकंद. ६० पिक्सेलच्या ४० ओळी धरल्या तर पूर्ण यादी सरून जायला सुमारे ४८ सेकंद लागतात. त्याच नावांच्या पाच स्थिर पाट्या, प्रत्येकी ४ सेकंद, २० सेकंदांत आटोपतात. सरकवायचंच असेल तर पिक्सेल पूर्णांकात ठेवा, नाहीतर अक्षरं थरथरतात.

शेवटी एक चाचणी. आफ्टर इफेक्ट्समध्ये ‘दिग्दर्शन’ टाइप करा. वेलांटी ‘द’च्या उजवीकडे पडली, किंवा ‘र्’चा रफार न होता पायमोडका र तसाच दिसला, तर जुन्या आवृत्तीत Preferences मधल्या Type मध्ये `South Asian and Middle Eastern` हे टेक्स्ट इंजिन निवडा, प्रोग्रॅम बंद करून परत उघडा आणि ती ओळ नव्यानं टाइप करा. या एका शब्दात पहिली वेलांटी, अर्धा ग आणि रफार तिन्ही आहेत. तो नीट उमटला की बाकी पाट्यांची काळजी थोडी कमी.